पद्मावती कोणत्या रकान्यात? एकेश्वर, बहुदेव आणि निरीश्वर यांचा तक्ता

एफवायच्या वर्गात दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर तीन रकाने आखते: एकेश्वरवाद, बहुदेववाद, निरीश्वरवाद. मग मुलांना म्हणते, सांगा, कोणता धर्म कुठे लिहू? पाच मिनिटांत फळा भरतो. ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम पहिल्या रकान्यात. प्राचीन ग्रीक, रोमन आणि हिंदू दुसऱ्यात. जैन आणि बौद्ध तिसऱ्यात. बारावीपर्यंतच्या वाचनातून आणि गाइडातून हेच हाती आलेलं असतं, त्यामुळे फारसा वादही होत नाही.

एका वर्षी मात्र सांगलीकडच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, आम्ही जैन. पण आमच्या बस्तीत, म्हणजे मंदिरात, पद्मावती देवी आहे. आई शुक्रवारी तिची ओटी भरते. मग आम्ही निरीश्वरवादी कसे?"

मागच्या बाकावरून कोणीतरी लगेच सुचवलं, "मग बहुदेववादात टाका ना!" तेही तिला पटेना, आणि ते बरोबरच होतं. त्या दिवशीचा तास या एका प्रश्नातच संपला. आता मी हा तक्ता तिच्याच प्रश्नापासून शिकवते, कारण तीन रकान्यांचा घोळ नेमका कुठे होतो ते पद्मावतीपाशी स्वच्छ दिसतं.

आधी शब्दांचं पाहू. हे वर्गीकरण आपल्याकडे घडलेलं नाही. एकेश्वरवादासाठीचा 'मोनोथिइझम' हा शब्द इंग्रजीत आणला हेन्री मोर या केंब्रिजच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने, १६६० साली. खरा धर्म कोणता आणि त्याच्या तुलनेत बाकीचे कुठे बसतात, ही त्या काळची चर्चा होती. त्या चर्चेत 'थिऑस' म्हणजे देव हा एकच शब्द पुरत होता. खरा एक, बाकी खोटे.

मराठीत तसं चालत नाही. आपल्याकडे देव, देवता, ईश्वर, परमेश्वर, भगवंत असे पाच शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी कुठेही चालत नाहीत. जैन माणूस भगवान महावीर म्हणतो, पण महावीरांनी जग निर्माण केलं असं तो कधीच म्हणणार नाही. स्वर्गात देव असतात हे त्याला मान्य असतं, पण ईश्वर आहे का विचारलं तर नाही म्हणतो. तक्त्याच्या डोक्यावर 'देव' एवढाच शब्द लिहिला की हे सगळे अर्थ एका पिशवीत जातात.

म्हणून मी रकाने पुसते आणि त्यांच्या जागी चार प्रश्न लिहिते. एक, माणसापेक्षा वरच्या शक्तीच्या व्यक्ती आहेत असं ही परंपरा मानते का? दोन, त्यांच्यापैकी कोणी एक जगाचा कर्ता किंवा शास्ता आहे का? तीन, पूजा किंवा प्रार्थना कोणाला होते? चार, अंतिम सुटका, मग तिला मोक्ष म्हणा, तारण म्हणा किंवा निर्वाण, कोणाच्या हातात आहे? तीन रकान्यांच्या तक्त्यात हे चारही प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात, आणि प्रत्येक मूल मनातल्या मनात त्यांतल्या वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतं.

सोप्या उदाहरणापासून सुरुवात करू. इस्लाममध्ये फरिश्ते आहेत आणि जिन्नही आहेत. कुराणात दोन्ही येतात. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो, पुष्कळ' असं आहे. तरी इस्लाम एकेश्वरवादी आहे याबद्दल कोणाला शंका नसते, कारण कर्ता एक, उपास्य एक आणि तारणारा एक. फरिश्त्याची उपासना केली तर तो शिर्क, म्हणजे अल्लाहबरोबर दुसऱ्याला भागीदार करणं, आणि ते सर्वांत मोठं पाप. यावरून एवढं पक्कं कळतं की अलौकिक व्यक्ती किती आहेत हे मोजून एकेश्वर की बहुदेव ते ठरत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे महानुभावांपाशी तो लागणार आहे.

ज्यू परंपरेकडे पाहिलं की दुसरी गोष्ट कळते: एकाच परंपरेतली उत्तरं काळाप्रमाणे सरकतात. बायबलच्या जुन्या करारात 'शास्ते' नावाचं पुस्तक आहे. त्यात इफ्ताह नावाचा इस्राएली सरदार अम्मोनी राजाला निरोप पाठवतो. त्याचा आशय असा: तुमच्या कमोश देवाने तुम्हाला जी जमीन दिली ती तुम्ही ठेवता ना, मग आमच्या परमेश्वराने आम्हाला दिलेली जमीन आम्ही ठेवू (११:२४). इथे कमोश खोटा आहे असं इफ्ताह म्हणत नाही. तुमचा देव तुम्हाला, आमचा आम्हाला, इतकंच तो म्हणतो. दहा आज्ञांमधली पहिली आज्ञासुद्धा माझ्याखेरीज इतर देव करू नका असं सांगते. इतर देव अस्तित्वातच नाहीत, असं ती म्हणत नाही. पूजा एकाचीच, पण इतरांचं असणं मान्य, अशी ही स्थिती आहे. अभ्यासक तिला 'मोनोलॅट्री' म्हणतात, आपण एकदेवपूजा म्हणू.

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोन्यांनी यरुशलेम पाडलं आणि लोकांना नेलं. त्या बंदिवासाच्या काळातल्या यशयाच्या अध्यायांत भाषा पार बदललेली दिसते. मीच परमेश्वर, दुसरा कोणी नाही, माझ्याशिवाय देवच नाही, असं तिथे वारंवार येतं (४५:५). आता इतरांचं अस्तित्वच नाकारलं गेलं आहे. म्हणून 'ज्यू धर्म: एकेश्वरवादी' असं लिहिणारा विद्यार्थी चुकत नाही, पण कोणत्या काळचा ज्यू धर्म, हे न लिहिल्याबद्दल त्याचा अर्धा मार्क मी कापते.

आता पद्मावती. दिगंबर जैन परंपरेत प्रत्येक तीर्थंकराबरोबर एक यक्ष आणि एक यक्षी असते. तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ, त्यांचा यक्ष धरणेंद्र आणि यक्षी पद्मावती. चार प्रश्न तिला लावून पाहू.

पहिल्या प्रश्नाला उत्तर हो. जैन विश्वरचनेत देवगती आहे, म्हणजे देव म्हणून जन्म मिळू शकतो. पण तो जन्मच आहे. देवाचंही आयुष्य संपतं, कर्म त्यालाही चुकत नाही, आणि मोक्ष हवा असेल तर त्याला माणूस म्हणून जन्म घ्यावा लागतो. आपल्या कानाला हे विचित्र वाटतं, पण जैन मताने स्वर्गातल्या इंद्रापेक्षा रस्त्यावरून चालणारा साधा माणूस मोक्षाच्या जास्त जवळ असू शकतो. दुसऱ्या प्रश्नाला ठाम नकार: जगाचा कर्ता कोणी नाही, जग अनादी आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुहेरी आहे. तीर्थंकरांची पूजा होते आणि कित्येक ठिकाणी पद्मावतीचीही होते. चौथ्याचं उत्तर: कोणाच्याही हातात नाही, ज्याचा मोक्ष त्यानेच मिळवायचा.

मग तीर्थंकरांची पूजा कशाला? तत्त्वार्थसूत्राच्या आरंभी म्हटला जाणारा श्लोक 'वन्दे तद्गुणलब्धये' या शब्दांनी संपतो. त्यांचे गुण मला लाभावेत म्हणून वंदन करतो. गुण द्या असं त्यांच्याकडे मागणं नाही. सिद्ध झालेला तीर्थंकर काही देत नाही, तो ऐकतो असंही नाही. संसारातलं मागणं मागायचं तर ते पद्मावतीकडे जातं, कारण ती देवगतीत आहे, तिला सत्ता आहे, ती मदत करू शकते. सांगलीच्या त्या आईला हा फरक बहुधा नीट ठाऊक असेल, वर्गाला तो ठाऊक नव्हता. शिवाय हा वाद जैनांच्या घरातही आहे: दिगंबरांतला बीसपंथ यक्ष-यक्षींची पूजा करतो, तर तेरापंथाला ती मान्य नाही.

म्हणजे तिच्या घरी देवी आहे हे खरं आणि तिचा धर्म निरीश्वरवादी आहे हेही खरं. निरीश्वर म्हणजे 'ईश्वर नाही', 'देव नाहीत' नव्हे. तिसऱ्या रकान्याचं नाव नीट वाचलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

महाराष्ट्रातलंच एक उदाहरण याहून अवघड आहे आणि माझ्या मते या तक्त्याची त्याच्याइतकी चांगली परीक्षा दुसरं कोणी घेत नाही: महानुभाव पंथ. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेल्या तत्त्वज्ञानात चार पदार्थ आहेत, जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. चारही नित्य आणि चारही एकमेकांपासून वेगळे. आणि देवता किती? ८१ कोटी सव्वा लाख १०. तेहतीस कोटींचा देश म्हणून आपण मिरवतो, पण मोजणीत महानुभाव आपल्या कितीतरी पुढे आहेत.

आता मागच्या बाकावरचा मुलगा म्हणेल, इतक्या देवता, म्हणजे सरळसरळ बहुदेववाद. पण महानुभाव माणसाला विचारा. तो सांगेल की या देवतांची उपासना करायचीच नाही. त्या आहेत, त्यांना सामर्थ्य आहे, त्यांची भक्ती केली तर फळही मिळतं. पण ते फळ भोगून संपतं आणि जीव परत फिरून येतो. मोक्ष फक्त परमेश्वर देतो. परमेश्वर एकच, आणि तो अवतार घेतो. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ ऊर्फ चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे त्याचे पाच अवतार, म्हणून पंचकृष्ण.

इथे नावं फसवतात, जरा थांबून पाहा. महानुभावांचा श्रीकृष्ण हा विष्णूचा अवतार नाही. तो थेट परमेश्वराचा अवतार आहे आणि विष्णू उलट देवतांमध्ये मोडतो. त्यांचा दत्त एकमुखी आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश एकत्र येऊन झालेला तीन मुखांचा दत्त तो नव्हे. दोन घरांत कृष्ण आणि दत्त हीच नावं ऐकून दोघांना एकाच चौकटीत टाकलं तर दोघेही हरकत घेतील. म्हणून नावावरून रकाना कधीच ठरवू नये, त्या नावाला परंपरेच्या रचनेत कोणती जागा दिली आहे ते आधी पाहावं.

चार प्रश्नांवर ठेवलं की महानुभाव मत इस्लामच्या बरंच जवळ आलेलं दिसतं: वरच्या शक्तीच्या व्यक्ती असंख्य, उपास्य एक, सोडवणारा एक. पण फरकही तिथेच दिसतो. इस्लाममध्ये फरिश्ते अल्लाहने निर्माण केलेले आहेत. महानुभावांच्या देवता आणि जीव कोणी निर्माण केलेले नाहीत, तेही परमेश्वराइतकेच अनादी. त्यामुळे 'शून्यातून सृष्टी करणारा एकमेव कर्ता' ही अट घातली तर महानुभाव एकेश्वरवादाबाहेर राहतील, 'एकच उपास्य आणि एकच मोक्षदाता' एवढी अट ठेवली तर आत येतील. दोन्ही अटी लावणारे अभ्यासक आहेत. परीक्षेत कोणती अट लावली ते लिहिणं महत्त्वाचं, नुसता शिक्का मारून भागत नाही.

आत्तापर्यंतचं एका ठिकाणी मांडलं तर असं दिसतं:

| | वरच्या शक्तीच्या व्यक्ती | एक कर्ता किंवा शास्ता | पूजा कोणाची | सुटका कोणाकडून |
|---|---|---|---|---|
| इस्लाम | फरिश्ते, जिन्न | आहे, सर्व त्याने निर्मिलेलं | फक्त अल्लाह | अल्लाह |
| इफ्ताहच्या गोष्टीतला इस्राएल | इतर राष्ट्रांचे देवही | आपल्या लोकांपुरता | फक्त परमेश्वर | हा प्रश्न गोष्टीत येत नाही |
| दिगंबर जैन | देवगतीतले देव, यक्ष, यक्षी | नाही | तीर्थंकर. बीसपंथात यक्षीही | स्वतःकडून |
| महानुभाव | ८१ कोटींवर देवता | परमेश्वर आहे, पण जीव आणि देवताही अनादी | फक्त परमेश्वर | परमेश्वर |

तिसऱ्या रकान्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण उत्तरपत्रिकांत ही चूक सर्वांत जास्त असते. मुलं निरीश्वर आणि नास्तिक हे शब्द एकाच अर्थाने वापरतात. आजच्या बोलण्यात ते चालून जाईल, पण भारतीय दर्शनांच्या जुन्या मांडणीत नास्तिक म्हणजे वेद प्रमाण न मानणारा. ईश्वर मानतो की नाही, हा मुद्दाच तिथे नाही. म्हणून सांख्य आणि पूर्वमीमांसा ही आस्तिक दर्शनं आहेत आणि निरीश्वरही आहेत. सांख्यकारिका लिहिणाऱ्याचं नाव ईश्वरकृष्ण आणि त्याच्या कारिकांमध्ये ईश्वराला काम नाही, ही गंमत मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी दोन-तीन जण तरी ती वहीत उतरवून घेतात.

मीमांसेची गोष्ट तर फारच सुंदर आहे. यज्ञात इंद्र, अग्नी, सोम यांची नावं पदोपदी येतात. बघणाऱ्याला वाटेल, यापेक्षा जास्त बहुदेववाद कुठे असणार? पण जैमिनीच्या सूत्रांवरच्या शबरभाष्यात नवव्या अध्यायात सरळ चर्चा आहे की देवतेला शरीर असतं का, ती हवी खाते का, प्रसन्न होऊन फळ देते का. उत्तर तिन्ही ठिकाणी नाही. 'इन्द्राय स्वाहा' म्हणताना इंद्र हा चतुर्थी विभक्तीत येणारा शब्द आहे, आहुती कोणाला उद्देशून ते सांगणारा. फळ येतं ते कर्मातून निर्माण होणाऱ्या अपूर्व नावाच्या अदृश्य शक्तीमुळे. म्हणजे जिथे देवतांची नावं सर्वांत जास्त उच्चारली जातात तिथे देणारा देव कोणीच नाही. शाळेत 'स, ला, ते' पाठ करताना एवढं मोठं तत्त्वज्ञान चतुर्थीत दडलेलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढे कुमारिल भट्ट या मीमांसकाने श्लोकवार्तिकात सृष्टिकर्त्याला धारेवर धरलं. काहीच नव्हतं तेव्हा प्रजापती राहत कुठे होता, असं तो विचारतो. आणि याच ग्रंथाची सुरुवात मात्र अर्धचंद्र धारण करणाऱ्याला नमस्कार करून होते! टीकाकारांनी त्यावर पळवाट काढली की हा नमस्कार यज्ञाला आहे. असेलही. पण पुस्तकातला सिद्धांत आणि पुस्तक उघडतानाची सवय एकाच चौकटीत नेहमी मावत नाहीत, याचा हा चांगला नमुना आहे. म्हणून तक्त्यात कुमारिलाची ओळ भरताना 'सिद्धांताप्रमाणे' असं कंसात लिहावं.

'हिंदू: बहुदेववाद' ही नोंद मी फळ्यावरून सर्वांत शेवटी पुसते. ती चूक आहे म्हणून पुसत नाही, ती अजून नोंदच झालेली नसते म्हणून पुसते. कोण हिंदू? निरीश्वर मीमांसक, 'एकतत्त्व नाम' घेणारा वारकरी, की वर्षातून एकदा खंडोबाचा, एकदा भवानीचा कुळाचार करणारं घर? ओळीच्या सुरुवातीला धर्माचं नाव लिहिलं की तक्ता बिघडतो, ग्रंथ किंवा पंथ आणि काळ लिहिला की तो चालायला लागतो. बौद्धांचंही तेच. पाली सुत्तांत ब्रह्मा आणि इतर देव येतात आणि बुद्धाकडून शिकतात, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. दोन्ही बौद्ध, दोन्ही निरीश्वर, तरी दोन वेगळ्या ओळी हव्यात.

राहता राहिला आकड्याचा प्रश्न, जो मुलांना सर्वांत आधी सुचतो: मग नक्की देव किती? हे बृहदारण्यकोपनिषदात जनकाच्या सभेत विदग्ध शाकल्याने याज्ञवल्क्याला विचारलेलं आहे. याज्ञवल्क्य आधी ३३०६ म्हणतो. शाकल्य म्हणतो, बरं, पण खरे किती? तेहतीस. पण खरे किती? सहा. मग तीन, मग दोन, मग दीड आणि शेवटी एक. दीड म्हणजे हा वाहणारा वारा, एक म्हणजे प्राण, त्यालाच ब्रह्म म्हणतात. आणि ३३०६? त्या तेहतिसांच्याच विभूती. तेहतीस कोण तेही तो मोजून देतो: ८ वसू, ११ रुद्र, १२ आदित्य, इंद्र आणि प्रजापती.

सातही उत्तरं एका माणसाची, एका बैठकीतली आणि त्यातलं एकही तो मागे घेत नाही. मॅक्स म्यूलरला ऋग्वेदात असंच काहीतरी दिसलं होतं. ज्या सूक्तात ज्याची स्तुती, तोच तेवढ्यापुरता सर्वश्रेष्ठ. त्यासाठी त्याने 'कॅथेनोथिइझम' म्हणजे पाळीपाळीने एकेक देव असा नवा शब्द घडवला, कारण हाती असलेल्या शब्दांत ते बसेना. पण याज्ञवल्क्याला तोही शब्द पुरत नाही. तो पाळी लावत नाही, एकाच गोष्टीकडे जवळून किंवा लांबून पाहून मोजतो. माझ्या तक्त्यात त्याच्या ओळीचा पहिला रकाना भरायला घेतला की वर्गात दरवर्षी भांडण होतं आणि दरवर्षी तिथे कोणीतरी '३३०६ ते १' असं लिहितं. मी ते पुसत नाही.